भाऊ, दुकान विकत नको, किरायाने घेऊ : सक्करदऱ्याच्या दुकानाबद्दल पार्टनरला लिहिलेलं पत्र

व्हिडिओखाली एक प्रश्न दर आठवड्याला येतोच: "सर, दुकान विकत घ्यायचं की किरायाने?" सध्या हाच प्रश्न माझ्या आणि माझ्या पार्टनरच्या समोर आहे. आम्ही दोघं सक्करदऱ्यात मॅचिंग सेंटर टाकणार आहोत. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, लेस, दोरा-बटण असा माल. फोनवर यावर बोललो की आवाज चढतात, म्हणून मी त्याला पत्रच लिहिलं. त्याची परवानगी घेऊन ते इथे देतो आहे. आकडे आमचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण हिशोब करायची पद्धत हीच.

प्रिय भाऊ,

चौकापासून आत असलेलं ते दुकान आपण दोघांनीही पाहिलं. २२० फूट कार्पेट, तळमजला, शटर रस्त्याकडे. मालक ४८ लाखांत विकायला तयार आहे आणि महिना २०,००० किरायानेही द्यायला तयार आहे. तुझं म्हणणं मला माहीत आहे: "किराया म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. हप्ता भरला तर दहा वर्षांनी दुकान आपलं." काकांचंही हेच मत आहे आणि त्यांनी ते प्रेमानेच सांगितलं. पण एकदा कागदावर मांडून पाहू.

आधी विकत घेण्याचा हिशोब. आपल्या दोघांचे मिळून २४ लाख आहेत. ४८ लाखांच्या दुकानाला बँक ३० लाख देईल असं धरू, म्हणजे १८ लाख आपले. त्यावर मुद्रांक शुल्क सात टक्क्यांच्या आसपास धरलं तर ३ लाख ३६ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. झाले २१ लाख ६६ हजार. हातात उरले २ लाख ३४ हजार. रॅक, काउंटर, लाइट, बोर्ड यालाच ४ लाख लागतात. म्हणजे दुकान आपलं होईल, पण रॅकपुरतेही पैसे उरणार नाहीत, आणि माल तर पूर्ण उधारीवर.

मॅचिंग सेंटर हा धंदा कसा चालतो हे तुला सांगायची गरज नाही. बाई साडी घेऊन येते आणि त्या साडीचा रंग मागते. चार पोपटी रंग असतील आणि तिला पाचवा हवा असेल, तर ती पुढच्या दुकानात जाते आणि पुढच्या वेळी आधी तिकडेच जाते. आपल्याकडे शेड कमी असणं म्हणजे दुकान अर्धं बंद असणं. म्हणून या धंद्यात पैसा आधी मालात हवा, भिंतीत नंतर.

आता कर्जाकडे पाहू. ३० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं. हप्ता येतो ४०,५०० च्या आसपास. तू म्हणशील, यातला काही भाग मुद्दलात जातो, तो काही वाया जात नाही. बरोबर. पण पहिल्या वर्षात किती जातो ते पाहा. वर्षभरात आपण जवळपास ४ लाख ८६ हजार भरू. त्यातलं व्याज ३ लाखांच्या थोडं वर, आणि मुद्दल फिटतं फक्त १ लाख ८० हजार. म्हणजे नुसतं व्याजच महिन्याला साडेपंचवीस हजार. त्याच दुकानाचा किराया २० हजार आहे!

किराया पाण्यात जातो असं आपण म्हणतो, मग हे व्याज कुठे जातं? तेही परत येत नाही. फरक इतकाच की किराया मालकाला जातो आणि व्याज बँकेला. आणि व्याज जास्त आहे. वरून आपले २१ लाख ६६ हजार भिंतीत अडकले, ते वेगळे.

हे असं का होतं तेही सांगतो, म्हणजे उद्या दुसरं दुकान पाहायला गेलास तर तुला स्वतःला काढता येईल. वर्षाचा किराया भागिले दुकानाची किंमत. इथे २ लाख ४० हजार भागिले ४८ लाख, म्हणजे ५ टक्के. मालकाला त्याच्या दुकानावर वर्षाला ५ टक्केच मिळतात, आणि आपण तीच वस्तू साडेदहा टक्क्यांच्या पैशाने घ्यायला निघालो. हा आकडा कर्जाच्या व्याजाच्या अर्ध्यावर असेल, तर ते दुकान किरायाने राहणाऱ्यासाठी स्वस्त आहे आणि विकत घेणाऱ्यासाठी महाग.

"पण भाव वाढतो ना!" वाढतो. दरवर्षी ५ टक्के वाढतो असं धरू. ते झाले २ लाख ४० हजार. वाचलेला किराया २ लाख ४० हजार. एकूण फायदा ४ लाख ८० हजार, आणि लागलेला पैसा ५१ लाख ६६ हजार. सव्वानऊ टक्के. भाव वाढला असं धरूनही आपण कर्जाच्या व्याजापर्यंत पोहोचत नाही. आणि भाव वाढलेला हातात तेव्हाच येतो जेव्हा दुकान विकतो. चालतं दुकान कोण विकतं?

आता किरायाचा हिशोब. डिपॉझिट दीड लाख, दलालाला एक महिन्याचा किराया, करारनाम्याचा खर्च पाच-सहा हजार, फर्निचर ४ लाख, माल १२ लाख. सगळे मिळून पावणेअठरा लाख. हातात सव्वासहा लाख उरतात. त्यातले सव्वादोन लाख सहा महिन्यांच्या खर्चासाठी बाजूला, हात लावायचा नाही. उरलेले चार लाख लग्नसराईच्या आधी गांधीबागेत रोखीने माल उचलायला. रोख देणाऱ्याला व्यापारी भाव कसा तोडून देतो हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस.

महिन्याचा खर्च असा: किराया २०,०००, एका मुलीचा पगार ९,०००, वीज ४,०००, चहापाणी-पिशव्या-किरकोळ ३,०००. एकूण ३६,०००. आपल्या मालात विक्रीवर ३० टक्के सुटतात असं धरतो. माझ्या आत्ताच्या दुकानाची वही तेच सांगते. तर ३६,००० भरून काढायला महिन्याला १ लाख २० हजारांची विक्री हवी, म्हणजे २६ दिवसांत रोज ४,६००. विकत घेतलं तर किरायाच्या जागी हप्ता येतो, खर्च ५६,५०० वर जातो, आणि रोजची विक्री सव्वासात हजारांच्या आसपास हवी. दोन्हीत फरक रोजच्या अडीच हजारांपेक्षा जास्त. पहिल्या वर्षी हे अडीच हजार रोज आणणं म्हणजे काय, हे ज्यानं नवीन काउंटर उघडलं त्यालाच कळतं.

वाईट वर्ष धरून पाहू. चांगलं वर्ष कोणालाही झेपतं. १२ लाखांचा माल वर्षात एकदाच फिरला असं समज. विक्री १७ लाखांच्या थोडी वर, त्यातून सुटले ५ लाख १४ हजार. किरायाच्या दुकानात वर्षाचा खर्च ४ लाख ३२ हजार. हातात ऐंशी हजार राहिले. दोघांना पगार नाही, पण दुकान जिवंत आहे आणि आपण दुसऱ्या वर्षात जातो. विकतच्या दुकानात वर्षाचा खर्च पावणेसात लाख. रोख तूट १ लाख ६० हजारांच्या वर, आणि ती भरायला पेटीत काही नाही, कारण पेटी भिंतीत गेली. आणि ही तूटही तेव्हाच, जेव्हा १२ लाखांचा माल कुठून तरी उधारीवर भरला.

आता जागेबद्दल. ती जागा चालेल की नाही, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. आपण दोघंही बुधवारी गेलो होतो. सक्करदऱ्याचा बुधवारी बाजार भरला की पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी कुठलंही शटर सोन्याचं वाटतं. गुरुवारी सकाळी अकराला आणि शनिवारी संध्याकाळी सहाला जाऊन एक तास मोज, शटरसमोरून किती बाया पायी जातात. गाड्या मोजू नको, मॅचिंगचं गिऱ्हाईक पायी उतरतं. रस्ता आणि पूल माणसांची वाट कशी बदलतात हे उमरेड रोडवर राहणाऱ्याला नवं नाही. पुलावरून जाणारी गाडी खालच्या दुकानासमोर थांबत नाही. किरायाचं दुकान आपण उचलून अयोध्यानगरला किंवा मानेवाड्याला नेऊ शकतो. विकत घेतलेलं तिथंच राहतं, गिऱ्हाईक राहो की न राहो.

पण भाऊ, किरायाने घेऊ म्हणजे तोंडी बोलून चावी घेऊ असं नाही. लोक तिथंच मार खातात. म्हणून कागदाचं नीट सांगतो.

आपल्याकडे ज्याला लोक सरसकट 'लीज' म्हणतात, ते बहुतेक वेळा लीज नसतंच. ते असतं लीव्ह अँड लायसन्स. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लीज, म्हणजे भाडेपट्टा, यात दुकानावर आपला हक्क तयार होतो. मालकाने इमारत विकली तरी नवा मालक तो भाडेपट्टा धरूनच घेतो. लायसन्स म्हणजे फक्त वापरायची परवानगी. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याची व्याख्या आहे, आणि कलम ५९ सांगतं की मालकाने मालमत्ता विकली तर नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. म्हणजे पाच वर्षांचा करार असला तरी दुसऱ्या वर्षी इमारत विकली गेली, तर नवा मालक "निघा" म्हणू शकतो.

मग भाडेपट्टाच मागावा ना? मागून पाहू, पण मालक देणार नाही असं धरून चालू. भाडेपट्टा दिला की आपण भाडेकरू होतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं संरक्षण आपल्याला लागू होतं. मालकाला तीच भीती असते. विदर्भात तर १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता. त्यात भाडेकरूला नोटीस द्यायलाही मालकाला आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. तो आदेश नव्या कायद्याने २००० साली गेला, पण जुन्या मालकांच्या मनातून गेला नाही. खर्चाचाही फरक आहे. पाच वर्षांच्या आतल्या भाडेपट्ट्यावर दुकानाच्या बाजारभावाच्या १० टक्क्यांवर खरेदीच्या दराने मुद्रांक लागतं, म्हणजे आपल्याला तीसेक हजार. लायसन्सवर पाच वर्षांपर्यंत एकूण किराया आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के मानलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. किराया दरवर्षी ५ टक्के वाढवत पाच वर्षांचा होतो १३ लाख २६ हजार, डिपॉझिटचं व्याज ७५ हजार, आणि पाव टक्का म्हणजे साडेतीन हजार. वर नोंदणीचे १,०००.

म्हणून माझं म्हणणं: साठ महिन्यांचा, नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स घेऊ, आणि त्याची कमजोर बाजू अटींनी बांधून घेऊ. अटी तीनच, पण त्यावर मागे हटायचं नाही.

पहिली, लॉक-इन मालकावर. पहिली तीन वर्षं मालक आपल्याला काढू शकणार नाही, पण आपण तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. छापील मसुद्यात बहुतेक उलटं असतं किंवा दोघांवर सारखं असतं. नवीन दुकानाला निघायची वाट मोकळी हवी.

दुसरी, विक्रीची अट. मालकाने इमारत विकली तर आपला करार मान्य करणाऱ्यालाच विकायची. तसं न करता आपल्याला निघावं लागलं, तर डिपॉझिट त्याच दिवशी परत आणि फर्निचरची भरपाई ठरलेल्या आकड्याने: पहिल्या वर्षी ४ लाख, मग दरवर्षी ८० हजारांनी कमी. ही अट नव्या मालकाला बांधत नाही, पण जुन्या मालकाच्या खिशाला बांधते. तेवढं पुरे असतं.

तिसरी, वाढ आकड्यात लिहून. "बाजारभावाप्रमाणे वाढेल" हे वाक्य करारात आलं की समज, दुकान चालायला लागलं की किराया मालक ठरवणार. पाच वर्षांचे पाच आकडे लिहून घ्यायचे.

मालक म्हणेल, "अकरा महिन्यांचं नोटरी करून टाकू, नोंदणी कशाला?" याला हो म्हणू नको. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळली तर शिक्षाही त्यालाच. हे त्याला शांतपणे सांगितलं की बहुतेक मालक ऐकतात. जो ऐकत नाही, किंवा "अर्धा किराया रोख द्या, करारात कमी दाखवू" म्हणतो, त्याचं दुकान कितीही छान असो, आपण पुढे जाऊ. करारात १० हजार लिहिलेला माणूस भांडण झालं की २० हजारांची पावती दाखवू शकत नाही.

सही आधी चार कागद पाहायचे: मनपाची घरटॅक्स पावती मालकाच्या नावाची, मालकाच्या खरेदीची सूची-२, इमारतीचा मंजूर नकाशा ज्यात तळमजला दुकान म्हणून दाखवला आहे, आणि महावितरणचं शेवटचं बिल, ज्यात मीटर व्यापारी आहे आणि थकबाकी शून्य आहे. दक्षिण नागपुरात कितीतरी ले-आउट गुंठेवारीतून नियमित झाले आहेत, म्हणून नासुप्रचं आरएल पत्रही मागायचं. इमारतीवर बँकेचं कर्ज आहे का हेही विचारायचं. मालकाने हप्ते थकवले आणि बँकेने ताबा घेतला, तर आपला करार हातात धरून आपण रस्त्यावर उभे राहू.

आणि फर्निचर असं करायचं की स्क्रू काढले की टेम्पोत बसेल. भिंतीत गाडलेलं काहीच नको. दुसऱ्याच्या भिंतीत घातलेली टाइल आपली नसते.

एक गोष्ट अजून, जी फोनवर बोलायला जड जाते. दुकान विकत घेतलं तर कोणाच्या नावाने? फर्मच्या पैशातून घेतलं तर १९३२ च्या भागीदारी कायद्याने ते फर्मची मालमत्ता. उद्या आपल्यापैकी एकाला बाहेर पडावंसं वाटलं, तर माल वाटता येतो, उधारी वाटता येते, पण २२० फुटांची भिंत वाटता येत नाही. एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा किंवा दुकान विकायचं, आणि बँकेचं कर्ज असताना तेही सोपं नाही. मैत्री टिकवायची असेल तर पहिल्या पाच वर्षांत आपल्यामध्ये भिंत नसलेलीच बरी.

मी कधीच विकत घेऊ नको म्हणत नाही. तीन वर्षं दुकान चाललं, जागा पटली, मालाला लागणारा पैसा बाजूला ठेवूनही निम्म्यापेक्षा जास्त रक्कम आपल्या हातात आली, आणि हप्ता किरायाच्या सव्वापटीत बसत असेल, तर मीच तुला फोन करीन. तेव्हा त्या जागेची खरी किंमत आपल्याला वहीतून माहीत असेल, दलालाच्या तोंडून नाही. म्हणून करारात एक ओळ अजून घालू: मालकाने विकायचं ठरवलं तर आधी आपल्याला विचारायचं, आणि तीस दिवस द्यायचे.

गुरुवारी आणि शनिवारी मोजून ये. आकडे आले की रविवारी मालकाकडे जाऊ. मसुदा मी वकिलाकडून करून आणतो. काकांनाही हे पत्र वाचून दाखव, त्यांना काही शंका असेल तर मी घरी येतो.

तुझा पार्टनर

वाचणाऱ्यांसाठी एवढंच: तुमच्या पाहण्यातल्या दुकानाचा वर्षाचा किराया आणि किंमत घ्या, भागा, आणि तुमच्या बँकेच्या व्याजदराशेजारी लिहा. मग तुमचा एक वाईट वर्षाचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा. आकडे माझ्या विरुद्ध बोलत असतील, तर आकड्यांचं ऐका.